टेंडरच्या पात्रतेची अट मराठीत करताना मी कुठे चुकतोय?

प्रश्न: काका सिमेंट रोड अन् नालीची छोटी सरकारी कामं घेतात. एका टेंडर नोटीसमधली पात्रतेची अट इंग्रजीत आहे, ती मी मराठीत अशी केली: "मागील सात वर्षांत निविदा रकमेच्या ४० टक्के किमतीची तीन समान कामे केलेली असावीत, व मागील तीन वर्षांची सरासरी उलाढाल ३० टक्के असावी." काका म्हणतात आपण बसतो. मला खात्री वाटत नाही आणि ईएमडीची अनामत रक्कम भरायची तारीख जवळ आली आहे. काय करू?

उत्तर:

सीताबर्डीला माझं छोटंसं ऑफिस आहे, टेंडर भरून देणे, कागद लावून देणे, नोटीस मराठीत समजावून सांगणे हाच धंदा, त्यामुळे हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता पाठ झालंय. तुमच्या भाषांतरात इंग्रजीतला एक शब्द गळलाय अन् नेमका तोच महागात पडतो. मूळ वाक्यात बहुतेक "थ्री सिमिलर वर्क्स, ईच कॉस्टिंग नॉट लेस दॅन" असं असेल. त्यातला "ईच" म्हणजे "प्रत्येकी". तुमचं मराठी वाक्य वाचून काका तिन्ही कामांची बेरीज करून राहिले असतील आणि ती ४० टक्क्यांच्या वर गेली की झालं असं समजत असतील. तसं नाही. प्रत्येक काम एकट्यानं तेवढ्याचं पाहिजे.

सुरुवातीला मीही हीच चूक केली होती, "तीन कामे मिळून" असं सरळ लिहून दिलं, त्या माणसाचा कागदपत्रांचा पहिला लिफाफा उघडला तेव्हाच तो बाद झाला, रेट उघडायची पाळीच आली नाही अन् ईएमडी परत यायला पुढचे तीन महिने गेले. तेव्हापासून मी वाक्याचं भाषांतर करतच नाही. कलमाचा नंबर लिहितो, टक्के असतील तिथे रुपये टाकतो आणि खाली हो-नाही असं उत्तर येईल असा प्रश्न लिहितो. कॉन्ट्रॅक्टरला वाक्य नको असते, आपण बसतो की नाही एवढंच पाहिजे असते.

एक केस पूर्ण सांगतो म्हणजे लक्षात येईल. जून २०२५ मध्ये हिंगण्याकडचे एक भाऊ आले होते, काम ९० लाखांचं, सिमेंट रोड अन् बाजूची नाली. ईएमडी ९० हजार. आता पहिली गोष्ट, टक्के कशाचे काढायचे? नोटीसमध्ये "एस्टिमेटेड कॉस्ट पुट टू टेंडर" असं असते, म्हणजे निविदेला ठेवलेली रक्कम. प्रशासकीय मान्यतेचा आकडा नाही, त्यात जीएसटी अन् काय काय धरून तो मोठा दिसतो. आमच्या केसमध्ये टेंडरला ठेवलेले ९० लाखच होते, तर त्यावर हिशेब असा निघाला: ४० टक्के म्हणजे ३६ लाख, ६० टक्के म्हणजे ५४ लाख, ८० टक्के म्हणजे ७२ लाख. मग मी कागदावर लिहिलं, "३६ लाखांपेक्षा कमी नाही असं एकेक काम, अशी तीन आहेत का? नसतील तर ५४ च्या वरची दोन? तेही नसेल तर ७२ च्या वरचं एक?" तिघांतून एकाला जरी हो म्हटलं तरी पुरते, कारण मध्ये "ऑर" असते. (तुमच्या भाषांतरात हे दोन पर्याय दिसतच नाहीत, खाली कुठेतरी असतील, बघा.) हे आकडे पाठ करून चालत नाही बरं का. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या परिपत्रकात दोन कामांसाठी ५० टक्के आहेत, केंद्राच्या बांधकाम विभागाच्या म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या टेंडरमध्ये ६० असतात, आणि प्रत्येक ऑफिस आपापल्या मनानं थोडं इकडेतिकडे करते, म्हणून समोरच्या नोटीसमधलाच आकडा घ्यायचा.

भाऊंकडे तीन कामं होती. एक ३८ लाखांचं, फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ण. ते तर सरळ बसलं. दुसरं ३४ लाखांचं, ऑगस्ट २०१८ मध्ये पूर्ण, आणि ते स्वतःच म्हणाले की हे तर ३६ पेक्षा कमी आहे अन् वर्क ऑर्डर २०१७ ची आहे म्हणजे सात वर्षांच्याही बाहेर, हे राहू द्या. इथे वाक्य नीट वाचलं की वेगळंच निघते. नोटीस म्हणते "सक्सेसफुली कम्प्लिटेड ड्युरिंग लास्ट सेव्हन इयर्स", म्हणजे काम पूर्ण कधी झालं ते बघायचं, सुरू कधी झालं ते नाही. आणि सात वर्षं मोजायची कुठून? ज्या महिन्यात निविदा मागवली त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापासून मागे, असं त्या नोटीसमध्ये होतं. जूनची नोटीस म्हणजे ३१ मे २०२५ पासून मागे, १ जून २०१८ पर्यंत. ऑगस्ट २०१८ आत येते. राहिलं रकमेचं. खालच्या ओळीत लिहिलेलं होतं की जुन्या कामाची किंमत दरसाल ७ टक्के साध्या दराने वाढवून आजच्या पातळीला आणायची. पूर्ण सहाच वर्षं धरली तरी ४२ टक्के होतात, ३४ लाखांचे ४८ लाख २८ हजार झाले. बसलं की. ही ओळ सीपीडब्ल्यूडीच्या टेंडरमध्ये असते, सगळीकडे नसते, तुमच्या नोटीसमध्ये नसेल तर ३४ हे ३४ च.

तिसरं काम ३७ लाखांचं, २०१९-२० मधलं, रोडच होता, रक्कमही बसत होती. तिथे गाडी अडली. ते त्यांनी पेटीवर घेतलं होतं, टेंडर दुसऱ्याच्या नावानं अन् काम यांनी केलं. मुख्य कॉन्ट्रॅक्टरनं लेटरहेडवर लिहून दिलेलं पत्र घेऊन आले होते. अटीत काय होतं, तर सर्टिफिकेट कार्यकारी अभियंता किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याचं पाहिजे. विभागाच्या दप्तरी काम मुख्य कॉन्ट्रॅक्टरच्या नावानं, फॉर्म २६एएस काढला तर यांचा टीडीएस कापणारा विभाग नाही, तोच मुख्य कॉन्ट्रॅक्टर दिसतो. पेटीच्या कामाला विभागाची लेखी मंजुरी असती तर बोलायला जागा होती. नव्हती. तुमच्या काकांनीही असं एखादं काम धरलं असेल तर आधी ते विचारा, कारण छोट्या कॉन्ट्रॅक्टरच्या यादीत असं एक तरी असतेच अन् त्याला ते आपलंच काम वाटते, वाटणारच ना, घाम त्यानंच गाळला.

म्हणजे दोन कामं बसली, तिसरं नाही. ५४ चं एकही नाही, ७२ चं तर सोडाच.

आता उलाढाल. हा शब्द मी तसाच ठेवतो, पण पहिले विचारतो की उलाढाल म्हणजे नफा नाही हे माहीत आहे ना, कारण एका काकांनी मला रिटर्नमध्ये दाखवलेलं उत्पन्नच सांगितलं होतं. "ॲव्हरेज ॲन्युअल टर्नओव्हर" ३० टक्के म्हणजे ९० लाखांचे २७ लाख. सरासरी आहे, म्हणून तीन वर्षांची बेरीज करून तीननं भागायचं, एखादं वर्ष कमी असलं तरी चालते. पण "इन ईच ऑफ द लास्ट थ्री इयर्स" असं असेल तर दरवर्षी २७ पाहिजे, आणि "इन एनी वन इयर" असेल तर एकाच वर्षी पुरे. तीन वेगळ्या अटी आहेत ह्या.

भाऊंचे आकडे होते: २०२१-२२ ला १२ लाख, २०२२-२३ ला १८, २०२३-२४ ला ४१, २०२४-२५ ला २५. नोटीस म्हणत होती मागच्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चला संपणारी तीन वर्षं. जून २०२५ ला चालू वर्ष २०२५-२६, मागचं २०२४-२५. तर १८, ४१ आणि २५ मिळून ८४, सरासरी २८ लाख. २७ च्या वर, जेमतेम पण वर.

मग दोन अडचणी निघाल्या. एक म्हणजे नोटीसमध्ये ऑडिटेड ताळेबंद मागितला होता, आणि जूनमध्ये नुकत्याच संपलेल्या वर्षाचं ऑडिट बहुतेकांचं झालेलं नसते. अशा वेळी काही नोटीसमध्ये लिहिलेलं असते की शेवटचं वर्ष तयार नसेल तर त्याआधीची तीन घ्या. ते घेतलं तर १२, १८, ४१ म्हणजे ७१, सरासरी २३ लाख ६७ हजार, नापास. एकाच माणसाचे तेच आकडे, वर्षं सरकली की निकाल उलटला. त्यात छोटा कॉन्ट्रॅक्टर ४४एडी खाली रिटर्न भरतो, त्याला टॅक्स ऑडिटची सक्ती नाही म्हणून त्याच्याकडे ऑडिटेड ताळेबंदच नसतो, हे त्याला टेंडरच्या आदल्या दिवशी कळते. सीएकडून तेवढ्यासाठी ऑडिट करून घेता येते, निदान यूडीआयएन नंबर असलेलं उलाढालीचं सर्टिफिकेट तरी घ्या, पण नोटीसमध्ये नेमकं काय मागितलंय ते वाचूनच सीएकडे जा.

दुसरी अडचण "फ्रॉम कन्स्ट्रक्शन वर्क्स" या तीन शब्दांची. २०२४-२५ च्या २५ लाखांत ५ लाख गिट्टी-मुरूम पुरवल्याचे होते. ते बांधकाम नाही, पुरवठा आहे. काढले तर ७९ लाख राहतात, सरासरी २६ लाख ३३ हजार. ६७ हजारानं हुकले. मराठी करताना नुसतं "उलाढाल" लिहिलं असतं तर हे दिसलंच नसतं, म्हणून मी "फक्त बांधकामाच्या कामातून आलेली उलाढाल" असं लिहितो, वाक्य लांब झालं तर होऊ द्या.

उद्यम सर्टिफिकेट आहे म्हणून अनुभव अन् उलाढालीतून सूट मिळेल असं काही जण सांगतात, तुम्हालाही कोणी सांगेल. केंद्राचं ते सूक्ष्म-लघु उद्योगांच्या खरेदीचं धोरण माल अन् सेवांसाठी आहे, बांधकामाच्या ठेक्याला ते लागू नाही. नोटीसमध्ये स्पष्ट सूट लिहिली असेल तरच धरा.

तर तुम्ही आज रात्री एवढं करा. "सिमिलर वर्क" म्हणजे काय हे नोटीसमध्येच कुठेतरी दिलेलं असते ते शोधा, काकांच्या यादीत पेव्हर ब्लॉकचं काम असेल आणि तिथे सिमेंट काँक्रीट रोड लिहिलं असेल तर ते धरू नका. मग रुपयाचे आकडे टाकून प्रश्न लिहा, काकांच्या प्रत्येक कामापुढे पूर्ण झाल्याची तारीख, सर्टिफिकेटवर सही कोणाची आणि रक्कम, बस. वर्षं कोणती किंवा पुरवठा धरायचा का यावर शंका राहिली तर प्री-बिड मीटिंगच्या आधी ऑफिसला लेखी विचारा. तोंडी कोणी बाबू "चालते हो" म्हणाला तर ते काही कामाचं नाही. उत्तर शुद्धिपत्रकात येते, म्हणून ईएमडी भरायच्या आदल्या संध्याकाळी mahatenders.gov.in वर किंवा ज्या पोर्टलवर टेंडर असेल तिथे शुद्धिपत्रक पुन्हा उघडून बघा, तारीखही वाढलेली असू शकते.

हिंगण्याच्या भाऊंनी ते ९० लाखांचं भरलं नाही. महिन्याभरानं ४५ लाखांचं एक निघालं, तिथे प्रत्येकी १८ लाखांची तीन कामं लागत होती अन् उलाढाल साडेतेरा. ३८ अन् ३४ चं तर होतंच, तिसरं म्हणून स्वतःच्या नावाचं २२ लाखांचं नालीचं काम निघालं जे त्यांनी आधी मला सांगितलंच नव्हतं, लहान आहे म्हणून.