बादलीवरची लाल रेघ

प्रश्न: पहिलंच घर बांधतोय, साइटवर रोज मीच असते. काही विचारलं की मिस्त्री म्हणतात, "ताई, वीस वर्षं हेच करतोय." त्यांना न दुखावता, पण ठामपणे कसं विचारू?

माझी सुरुवातच चुकली होती. आमचं घर साताऱ्याजवळच्या एका गावात, खाली तीन खोल्या आणि वर स्लॅब. कॉलमचे फर्मे काढले तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या कॉलमच्या तळाशी वीतभर खडी उघडी पडलेली दिसली. मधे बोट जाईल अशी भोकं, अगदी मधमाशीच्या पोळ्यासारखी. मिस्त्री म्हणाले, "प्लास्टरमध्ये झाकून जाईल." मी सगळ्या गड्यांसमोर आवाज चढवला. मिस्त्री काहीच बोलले नाहीत. थापी धुतली आणि पुढचे दोन दिवस आलेच नाहीत.

त्या दोन दिवसांत इंजिनिअर येऊन गेले. त्यांनी कॉलमवर हातोडी हलकेच ठोकत वरून खाली आणली. वर आवाज खणखणीत होता, तळाशी बद्द झाला. माल पातळ होता आणि फर्म्याच्या तळाशी फट राहिली होती. सिमेंटचं पाणी फटीतून वाहून गेलं, खडी मागे उरली. अशा जागी सळईभोवती सिमेंटचं आवरण राहत नाही. ओल आत शिरते, सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. वरून प्लास्टर केलं तर भोकं दिसत नाहीत, एवढंच. त्यांच्या देखरेखीखाली पोकळ भाग टणक काँक्रीट लागेपर्यंत छिनीनं काढला, धुतला आणि न आकसणाऱ्या ग्राउटनं भरला.

मिस्त्री परत आले तेव्हा चहा देताना मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "परवा सगळ्यांसमोर बोलले, ते माझं चुकलं. पण स्लॅबला असं व्हायला नको. एका गोणीला पाणी किती घालता?"

"अंदाजानं घालतो ताई."

"तुमचा अंदाज किती लिटरचा आहे, ते एकदा मोजून बघूया का?"

त्यांनी नेहमीसारखं घालायचं ठरवलेलं पाणी पाइपानं आधी रंगाच्या रिकाम्या बादलीत भरभरून मोजलं. भरलं चौतीस लिटर. इंजिनिअरनं सांगितलेलं प्रमाण पन्नास किलोच्या गोणीला पंचवीस लिटरचं होतं. सिमेंटला लागतं त्याहून जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. ताकद तिथेच कमी होते.

मग मी विचारलं, "जास्त पाणी कशासाठी लागतं?" याचं उत्तर मला आधीच ऐकायला हवं होतं. ते म्हणाले, "माल घट्ट असला की सळयांच्या खाली उतरत नाही, पोरांचे हात भरून येतात." अडचण खरी होती, फक्त पाणी हा तिच्यावरचा उपाय नव्हता. इंजिनिअरशी बोलून, पाणी न वाढवता माल सैल करणारा प्लॅस्टिसायझर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घालायला आणला, माल हलवून सळयांखाली बसवणारा व्हायब्रेटर भाड्यानं घेतला. बादलीला आतून साडेबारा लिटरवर लाल ऑइलपेंटची रेघ मारली. गोणीला रेघेपर्यंत दोन बादल्या, पाइप मिक्सरजवळ आणायचाच नाही, असं ठरलं. हे सगळं स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी झालं. मिक्सर सुरू झाल्यावर असल्या गोष्टी कुणाच्या कानात शिरत नाहीत.

तरी दुपारी, ऊन तापल्यावर, एका पोरानं पाइप उचललाच. मी मिस्त्रींजवळ जाऊन हळूच सांगितलं, "हा मिक्सरभर माल मी स्लॅबवर घेणार नाही. सिमेंटचा खर्च माझा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आणखी काही बोलले नाही. तो माल गोठ्यापुढच्या फरशीखाली गेला आणि पुन्हा कुणी पाइपाला हात लावला नाही.

"तुम्हाला येत नाही" असा सूर लागला की माणूस बचावाला उभा राहतो, म्हणून तेव्हापासून मी "मला दाखवा" असं म्हणते. वाद झालाच तर नकाशा पुढे करते: "यावर सही इंजिनिअरची आहे. बदल करायचा तर त्यांना फोन लावूया, ते हो म्हणाले की माझी हरकत नाही." ज्या कामावर नंतर काही झाकलं जाणार, ते झाकण्याआधी मी पाहणार आणि त्यानंतरच त्या टप्प्याचे पैसे देणार, हेही मोकळेपणानं सांगून ठेवलं.

महिन्याभरानं जिना ओतायचा होता. मी पोहोचले तर मिस्त्री वाळूच्या ढिगात हात घालून मूठ दाबून बघत होते. म्हणाले, "रात्री पाऊस झालाय ताई, वाळूतच पाणी आहे. आज रेघेच्या दोन बोटं खाली भरू. इंजिनिअरसाहेबांना विचारून घ्या." मी विचारलं. त्यांनी होकार दिला.