फिटची गोळी आणि हरवलेली इच्छा

वय ३४, हडपसर. कार्बामाझेपिन ४०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ घेतो. तीन वर्षांत फिट नाही. पण वर्षभर संबंधाची इच्छाच होत नाही. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आलं. मग हे मनाचंच का?

एवढ्या एका रिपोर्टवरून मनावर ढकलू नका. कार्बामाझेपिनमुळे यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन जास्त बनवतं आणि ते टेस्टोस्टेरॉनला घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे एकूण आकडा नॉर्मल दिसला तरी शरीराला वापरता येणारं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी पडू शकतं. फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन यांचंही तसंच. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी एकाच वेळी तपासा; त्या दोन्हींवरून मोकळ्याचा हिशेब निघतो. कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा तपासायचं. साखर, थायरॉइडही बघून घ्या. आणि मन उदास असेल तर तेही सांगा, कारण दोन्ही कारणं एकत्र असू शकतात.

गोळी आठवडाभर बंद करून बघू का?

नाही, एक दिवसही नाही. अचानक बंद केल्यावर येणारी फिट कधी कधी थांबतच नाही, आणि ती जिवावर बेतते.

बदलायचंच ठरलं तर न्यूरॉलॉजिस्ट आधी दुसरं औषध चढवतात, मग पहिलं उतरवतात. तुमच्यासारख्यासाठी बहुधा लॅमोट्रिजिनचा विचार होईल. कार्बामाझेपिन तसंच ठेवून पहिले दोन आठवडे रोज ५० मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे रोज १००, आणि मग हळूहळू वर. सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर सुरुवात याहून बरीच कमी डोसने होते, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी सांगा. घाईने डोस वाढवला तर अंगावर घातक पुरळ उठण्याचा धोका वाढतो. पुरळ दिसलं, त्यातून ताप आला किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कार्बामाझेपिन उतरू लागलं की लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण आपोआप चढतं. चक्कर येणं, एकाचे दोन दिसणं ही त्याची खूण. तेव्हा फोन करा, डोस स्वतः कमी करू नका. या काळात सोलापूर रस्त्यावर दुचाकी नको, कारण तीन वर्षं थांबलेली फिट परत येऊ शकते. ही जोखीम तुम्हाला मान्य आहे का, हे बदलाआधीच ठरवायचं. इच्छा परतायला काही महिने लागू शकतात आणि ती परतेलच असं वचन कुणी देऊ शकत नाही.

ओपीडीत आई सोबत असते. हे बोलू कसं?

चिठ्ठी लिहून फाइलच्या वरच ठेवा: "गोळी सुरू झाल्यावर इच्छा कमी झाली. पहाटेही ताठरता येत नाही. एकट्याने दोन मिनिटं बोलायचंय." आम्ही आईंना बाहेर बसायला सांगतो, त्यात अवघड काही नाही. गोळी कधी सुरू झाली आणि त्रास कधी, या दोन तारखा सोबत लिहा. मला सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच होतो. मेडिकलमधून परस्पर ताठरतेसाठी सिल्डेनाफिल घेत असाल तर तेही लिहा. कार्बामाझेपिनसोबत त्याचा असर कमी पडतो, आणि मग लोक स्वतःच डोस वाढवतात.