पहिली पदं चित्राबरोबर गेली तर श्रेढी परत कशी मिळवायची

प्रश्न: एका जुन्या सरावपत्रिकेत 'आकृतीत दिलेल्या अंकगणिती श्रेढीवरून पुढील प्रश्न सोडवा' असं उदाहरण आहे. आकृती काढून टाकलेली आहे आणि पहिली दोन-तीन पदं फक्त तिच्यातच होती. प्रश्न असे: (१) पहिल्या २० पदांची बेरीज काढा. (२) १५२ हे कितवे पद आहे? (३) पहिल्या किती पदांची बेरीज २४५ होईल? मागे उत्तरं आहेत: ९९०, ३१वे, १०. रीत दिलेली नाही. श्रेढी परत मिळवता येईल का, की उदाहरण सोडून द्यावं?

उत्तर:

मिळवता येईल. तुमच्याकडे तर गरजेपेक्षा एक उत्तर जास्तच आहे, त्यामुळे पडताळाही होईल.

अंकगणिती श्रेढीत अज्ञात गोष्टी दोनच असतात, पहिलं पद a आणि सामान्य फरक d. चित्रात तीन पदं असोत की पाच, त्यातून मिळणारी माहिती एवढीच. म्हणून चित्र गेलं तर आपल्याला दोन स्वतंत्र अटी हव्यात, मग त्या कुठूनही मिळोत. प्रश्न आणि त्याचं उत्तर एकत्र वाचलं की एक अट तयार होते. 'पहिल्या २० पदांची बेरीज काढा' यात अट नाही. 'पहिल्या २० पदांची बेरीज ९९० आहे' ही अट आहे.

सरळ मार्ग म्हणजे दोन समीकरणं मांडणं. S = n/२ × [२a + (n − १)d] या सूत्रात n = २० घेतलं की १०(२a + १९d) = ९९०, म्हणजे २a + १९d = ९९. दुसऱ्या प्रश्नावरून a + ३०d = १५२. दुसऱ्याची दुप्पट करून पहिलं वजा केलं की ४१d = २०५, d = ५, आणि मग a = २. श्रेढी झाली २, ७, १२, १७, … तिसरं उत्तर तपासायचं तर पहिल्या १० पदांची बेरीज ५ × (४ + ४५) = २४५. जुळलं.

इथे थांबलात तरी तुमचं काम झालं. पण अशी उदाहरणं पुन्हा भेटतील, आणि प्रत्येक वेळी उत्तरं इतकी सरळ वागतीलच असं नाही. मी स्वतः अशा वेळी आधी समीकरणं मांडत नाही. आधी प्रत्येक उत्तराची 'जागा' काढतो. ती रीत सांगतो, कारण कुठली उत्तरं उपयोगाची आणि कुठली फसवी हे तिच्यात लगेच दिसतं.

बेरजेला पदांच्या संख्येने भागा. सरासरी मिळते. अंकगणिती श्रेढीत पहिलं आणि शेवटचं पद, दुसरं आणि शेवटून दुसरं पद, अशा प्रत्येक जोडीची बेरीज सारखीच येते. त्यामुळे ही सरासरी बरोबर मधल्या जागेवर बसते. पहिल्या n पदांची मधली जागा (n + १)/२. म्हणजे १९ पदं असतील तर सरासरी हेच १०वं पद. २० पदं असतील तर मधली जागा १०.५. तिथे प्रत्यक्ष पद नसतं, पण १०व्या आणि ११व्या पदाच्या नेमकं मध्ये सरासरी येते. हिशोबाला ते पुरतं.

आता तुमची तिन्ही उत्तरं अशी मांडू:

पहिल्या १० पदांची बेरीज २४५, सरासरी २४.५, जागा ५.५.
पहिल्या २० पदांची बेरीज ९९०, सरासरी ४९.५, जागा १०.५.
३१वं पद १५२, जागा अर्थातच ३१.

श्रेढीत दर एका जागेला d इतकीच वाढ होते. जागा ५.५ पासून १०.५ पर्यंत ५ जागा, आणि किंमत वाढली २५ ने. d = ५. जागा १०.५ पासून ३१ पर्यंत २०.५ जागा, वाढ १०२.५. पुन्हा d = ५. पहिल्या पदासाठी ५.५ वरून ४.५ जागा मागे या: २४.५ − २२.५ = २. समीकरण एकही सोडवलं नाही आणि पडताळाही वाटेतच झाला.

बेरीज सुरुवातीपासूनची नसली तरी हेच चालतं. '२१व्या ते ४०व्या पदांची बेरीज' असेल तर पदं २० आणि मधली जागा ३०.५. अशा ठिकाणी पुष्कळ जण सवयीने १०.५ घेतात आणि d भलताच येतो.

आता फसवी उत्तरं. समजा उत्तरसूचीत तुमच्यासारखी तीन उत्तरं नसती, दोनच असती: 'पहिल्या १९ पदांची बेरीज ८९३' आणि '१०वे पद ४७'. दिसायला दोन अटी आहेत. पण ८९३ ला १९ ने भागलं की ४७, आणि जागा १०. म्हणजे दोन्ही उत्तरं एकाच जागेबद्दल एकच गोष्ट सांगतात. समीकरणं मांडून बसलात तर ती २a + १८d = ९४ आणि a + ९d = ४७ अशी येतात, आणि शेवटी ० = ० हाती लागतं. मग आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून लोक पुन्हा पुन्हा तेच गणित करतात. चुकलेलं काहीच नसतं, माहितीच अपुरी असते. हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही, कारण मधल्या पदावरून बेरीज काढायला लावणं हा प्रश्न काढणाऱ्यांचा आवडता डाव आहे.

एकच अट हाती असेल तर काय होतं तेही बघून ठेवा. फक्त ९९० माहीत आहे, म्हणजे २a + १९d = ९९. a आणि d पूर्णांक धरले तर १९d विषम हवं, म्हणून d विषम. d = १ तर a = ४०, d = ३ तर a = २१, d = ५ तर a = २, d = ७ तर a = −१७, d = −१ तर a = ५९. ४० पासून ५९ पर्यंतच्या लागोपाठच्या संख्यांची बेरीजही ९९० च येते, करून पाहा. यातली 'सोपी दिसते' म्हणून एखादी उचलणं म्हणजे निव्वळ अंदाज. आणि उत्तरं मुळीच दिलेली नसतील, फक्त प्रश्नच उरले असतील, तर श्रेढी परत मिळणार नाही. तेव्हा २० पदांची बेरीज २०a + १९०d अशी अक्षरांतच लिहावी लागेल. मजकुरात 'सम संख्यांची', 'शेवटचे पद अमुक' असा एखादा शब्द राहिला आहे का ते मात्र आधी नीट वाचा. पुष्कळदा अर्धी माहिती तिथेच असते.

उलट कधी एकाच प्रश्नात दोन्ही अटी मिळून जातात. 'पहिल्या किती पदांची बेरीज १२६ होईल?' आणि उत्तर '७ किंवा १२' असं दिसलं तर खूश व्हा. ७ पदांची सरासरी १८, जागा ४. १२ पदांची सरासरी १०.५, जागा ६.५. अडीच जागांत ७.५ ने घट, म्हणून d = −३. जागा ४ वरून तीन जागा मागे गेलं की a = २७. श्रेढी २७, २४, २१, … हिची ८वं ते १२वं पदं ६, ३, ०, −३, −६ आहेत. त्यांची बेरीज शून्य होते, म्हणून ७ पदांनंतर आणि १२ पदांनंतर बेरीज सारखीच राहते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नात असं होत नाही, कारण तिथे ५n² − n − ४९० = ० हे वर्गसमीकरण येतं आणि त्याची उत्तरं १० आणि −९.८. पदांची संख्या ऋण नसते, त्यामुळे १० एकटंच उरतं.

शेवटचा मुद्दा उत्तरसूचीवर किती विश्वास ठेवायचा याचा. छापताना ३१ च्या जागी ३२ पडलं असतं तर? १०.५ पासून ३२ पर्यंत २१.५ जागांत १०२.५ ची वाढ, म्हणजे d साधारण ४.७७. ५.५ आणि ३२ या जागांवरून साधारण ४.८१. फक्त ५.५ आणि १०.५ ही जोडी स्वच्छ ५ देते आणि a सुद्धा पूर्णांक येतो. तीन उत्तरांपैकी कुठलं चुकलं असावं हे यावरून बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. दोनच उत्तरं असती तर ही सोय नव्हती. अपूर्णांक फरकाच्या श्रेढीही असतात, त्यामुळे d अपूर्णांकात आला एवढ्यावरून उत्तरसूचीला चूक म्हणता येत नाही.

तिन्ही जोड्यांतून तीन वेगवेगळे d आले आणि एकही स्वच्छ नसेल, तर मला आधी चित्राचा संशय येतो. 'आकृतीत दिलेली' म्हणजे नुसते आकडे नसून ठिपक्यांची किंवा काड्यांची मांडणी असू शकते. काड्यांचे चौरस एका ओळीत जोडत गेलं तर ४, ७, १०, १३ अशी अंकगणिती श्रेढीच मिळते. पण ठिपक्यांचे त्रिकोण असतील तर क्रमिका १, ३, ६, १०, १५ अशी जाते आणि ती अंकगणिती श्रेढी नाही. तिच्या पहिल्या १, २, ३, ४, ५ पदांच्या सरासऱ्या १, २, ३.३३, ५, ७ येतात. जागा प्रत्येक वेळी अर्ध्याने पुढे सरकते, पण सरासरीतली वाढ १, १.३३, १.६७, २ अशी फुगत जाते. तुमच्या उदाहरणात 'अंकगणिती श्रेढी' असं स्पष्ट लिहिलेलं आहे आणि आकडेही जुळतात, तेव्हा २, ७, १२, १७ लिहून पुढे चला. मजकुरात फक्त 'आकृतिबंध' म्हटलं असेल, तर तिसरं उत्तर जुळेपर्यंत अंकगणिती सूत्रं लावू नका.