स्कॅन केलेल्या अहवालातला विस्कटलेला तक्ता परत कसा बसवायचा

प्रश्न : "गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू बागायतदार संस्थेच्या जुन्या मराठी अहवालांचा स्कॅन केलेला पीडीएफ मिळालाय. तक्ता कॉपी केला की आधी सगळी गावं, मग सगळे किलो, मग सगळे रुपये असे एकाखाली एक पडतात. काही आकडेही चुकलेले वाटतात. सगळं हाताने टाइप करायचं का?"

नाही. पण कॉपी केलेल्या मजकुराला लगेच हात लावू नका. आधी हे करून बघा :

```
pdftotext -layout -f 12 -l 12 ahval.pdf -
```

बऱ्याच पीडीएफमध्ये प्रत्येक शब्दाची पानावरची जागा आत नोंदलेली असते. गोंधळ फक्त कॉपी करतानाच्या क्रमाचा असतो. `-layout` त्या जागांवरून ओळी पुन्हा मांडतं. रकाने सरळ आले तर निम्मं काम इथेच संपलं. आले नाहीत, तर पान नव्याने वाचून घ्यावं लागेल, त्याबद्दल पुढे.

मुख्य गोष्ट अशी की तक्त्याला स्वतःचा हिशेब असतो. किलो गुणिले दर म्हणजे रक्कम, आणि खाली एकूण. कुठला आकडा चुकलाय ते हा हिशेबच दाखवतो. नजरेने तपासत बसलात तर दुसऱ्या पानापर्यंत डोळे थकतील आणि चुका तशाच राहतील. तुमच्याच घडणीचा एक तक्ता घेतो, आकडे उदाहरणापुरते आहेत. दर सगळ्यांना किलोमागे ३२ रुपये.

```
केरी
मोर्ले
होंडा
ठाणे
भिरोंडा
नगरगाव
एकूण
१,२४०
१८५
१,६१०
७३०
१,१७५
५,७४०
३९,६८०
३१,५२०
५१.५२०
२३,३६०
३७,६००
१,८३,६८०
```

पहिल्यांदा मोजा. नावं सात ('एकूण' धरून), किलो सहा, रुपये सहा. म्हणजे एका गावापुढे काहीच नव्हतं किंवा नुसती आडवी रेघ होती, आणि वाचताना ती गळली. वरून सरळ जोड्या लावल्या तर नगरगावच्या नावावर सगळ्या संस्थेची एकूण काजू बी चढेल! तक्ता वरवर नीटच दिसेल, म्हणून ही चूक सगळ्यात घातक.

आता किलो आणि रुपये शेजारी लावून गुणाकार बघा. आकडे देवनागरीत असतील तर पानाचा मजकूर `pan12.txt` मध्ये ठेवून स्प्रेडशीटमध्ये नेण्याआधी बदलून घ्या, आणि मग चौथ्या रकान्यात फरक काढा :

```
sed 'y/०१२३४५६७८९/0123456789/' pan12.txt
=B2*32-C2
```

पहिली ओळ जुळते : १,२४० × ३२ = ३९,६८०. दुसरी ओळ फसते : १८५ × ३२ = ५,९२०, समोर ३१,५२०. उलटं करा, ३१,५२० भागिले ३२ म्हणजे ९८५. म्हणजे ९ चा १ झालाय. आता किलोच्या रकान्याची बेरीज घ्या : ती ४,९४० येते, छापलेली ५,७४०. फरक ८००, म्हणजे तोच ९८५ उणे १८५. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की बिनधास्त दुरुस्ती करा.

बेरजेतल्या या फरकाकडे नीट बघायची सवय लावून घ्या. फरकात एकच अंक आणि पुढे शून्यं असतील तर बहुतेक वेळा एकच अंक चुकीचा वाचला गेलेला असतो, आणि कुठला ते फरकच सुचवतो. ८, ८०, ८०० असेल तर १ आणि ९ ची अदलाबदल तपासा. ३, ३०, ३०० असेल तर ३ आणि ६. नेमका १,००० आला तर तक्त्याची उभी रेघ आकड्याला चिकटून १ झाली असेल. फरक एखाद्या ओळीच्या पूर्ण रकमेइतकाच निघाला तर ती ओळ गळलीय किंवा दोनदा आलीय. सगळ्या ओळी जुळतात आणि बेरीजच जुळत नाही, तेव्हा 'एकूण'चा आकडा चुकला असण्याचीही शक्यता धरा. पण 'सगळे १ बदलून ९ करा' असलं सरसकट फाइंड-रिप्लेस कृपा करून करू नका.

५१.५२० मध्ये स्वल्पविरामाचा टिंब झालाय. स्प्रेडशीट त्याला एक्कावन्न रुपये बावन्न पैसे समजेल. पैसे असतील तर टिंबानंतर दोनच अंक असतात. तीन दिसले की तो हजाराचा स्वल्पविराम.

आता गणिताची मर्यादा. रिकामं गाव कुठलं, हे त्यातून कळत नाही. किलो आणि रुपये दोन्ही एकाच ओळीतून गळले, त्यामुळे जोड्या आपसात जुळतच राहतात; ती रिकामी ओळ केरीची आहे की होंड्याची, हिशेबाला काही फरक पडत नाही. इथे पानावरची जागाच बघावी लागते. एखाददुसरं पान असेल तर सरळ चित्र उघडून बघा, दोन मिनिटांचं काम. पानं भरपूर असतील तर नव्याने वाचून जागा नोंदवून घ्या :

```
pdftoppm -r 300 -gray -png -singlefile -f 12 -l 12 ahval.pdf pan-12
tesseract pan-12.png pan12 -l mar --psm 6 tsv
```

`--psm 6` म्हणजे पान एकसंध मजकूर समजून ओळीने वाच, रकाने वेगळे पाडू नकोस. `pan12.tsv` मध्ये प्रत्येक शब्दासमोर `left`, `top`, `width`, `height` मिळतात. `top` जवळपास सारखा असलेले शब्द एका ओळीतले. रकाना ठरवताना मात्र `left` वापरू नका. आकडे उजवीकडे सरळ रेषेत असतात, म्हणून `left + width` धरा. ७३० आणि १,२४० एकाच रकान्यात पडतील. आता होंड्याच्या `top` ला एकही आकडा नाही हे लगेच दिसेल.

हे सगळं पान सरळ असेल तरच. जुनी बांधलेली पुस्तकं स्कॅन करताना पान हमखास तिरकं होतं. ३०० डीपीआयला ए-फोर पान सुमारे २,४८० पिक्सेल रुंद असतं, आणि नुसता एक अंश कल असला तरी डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत साधारण ४३ पिक्सेलची चढउतार होते. बारीक छपाईत जवळजवळ एक अख्खी ओळ! म्हणजे केरीचे रुपये मोर्लेच्या ओळीत. ओळीओळीत गुणाकार फसतोय, पण रक्कम एक घर वरखाली सरकवली की सगळ्या जुळतात, असं दिसलं तर अंक दुरुस्त करू नका, आधी पान सरळ करून पुन्हा वाचा.

गोव्यातले कागद आहेत म्हणून एक सांगतो. १९६१ च्या आधीचे पोर्तुगीज तक्ते हाती आले तर टिंब आणि स्वल्पविरामाचा नियम उलटा धरा : तिथे 1.240,50 म्हणजे बाराशे चाळीस आणि वर अर्धा. एस्कुदो या पोर्तुगीज चलनाच्या रकमेत मध्ये डॉलरसारखी खूण असते, 12$50 अशी, आणि ती वाचताना 8 किंवा S होऊ शकते; मग साडेबाराचे बारा हजार आठशे पन्नास होतात. त्याआधीच्या रुपियाच्या हिशेबात १६ टांगांचा एक रुपिया, तेव्हा हातचा १६ ला घ्यायचा, नाहीतर बरोबर वाचलेला तक्ताही चुकीचा ठरेल.

शेवटचं : कधी कधी चूक छापणाऱ्याचीच असते. चित्रात आकडा स्पष्ट आहे, तरी गुणाकार जुळत नाही. तेव्हा छापील आकडा तसाच ठेवा, शेजारी वेगळ्या रकान्यात तुमचा आकडा आणि पान क्रमांक लिहा. तुमच्या फायलीवर पुढे कोणी काम करणार असेल तर त्याला वाचनातली चूक कुठली आणि अहवालातली कुठली, हे वेगळं कळायला हवं. बाराव्या पानाचा `tsv` इथे टाकलात तर पान तिरकं आहे का ते बघून सांगतो.