मरीनला मराठीत काय म्हणावे?

«‘अमेरिकी नौसैनिक किनाऱ्यावर उतरले’ अशी बातमी वाचली. आमच्या गावचा एक मुलगा आपल्या नौदलात आहे. तो म्हणतो, ‘काका, ते नौसैनिक नाहीत, मरीन आहेत.’ मग मरीन म्हणजे जहाजात बसवलेले पायदळच ना? त्यांना मराठीत काय म्हणावे?» — एक वाचक, चोपडा

तुमच्या गावच्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. नौसैनिक हा शब्द आपल्याकडे नौदलातील खलाशाला, म्हणजे जहाज चालवणाऱ्या आणि त्याचे इंजिन, रडार व तोफा सांभाळणाऱ्या माणसाला रूढ झाला आहे. मरीन जहाजावर राहतो खरा, परंतु जहाज चालवणे हे त्याचे काम नाही. जहाज त्याला जिथे नेऊन सोडते तिथून त्याचे काम सुरू होते. हा भेद आपल्या इतिहासाला अपरिचितही नाही. मराठ्यांच्या गुराबांवर आणि गलबतांवर नाव हाकणारे तांडेल व खलाशी वेगळे असत आणि शत्रूच्या जहाजावर चढून हातघाईची लढाई करणारे शिपाई वेगळे असत. इंग्लंडमध्ये १६६४ साली उभारलेली पहिली मरीन पलटण याच दुसऱ्या प्रकारची होती.

तुमच्या प्रश्नातील ‘जहाजात बसवलेले पायदळ’ ही कल्पना मात्र अर्धीच खरी आहे आणि उरलेले अर्धे कुठे निसटते, हे आपल्याच सैन्याच्या एका अनुभवावरून चांगले कळते. भारताकडे मरीन दल नाही. समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याचे काम भूदलाचे पायदळ नौदलाच्या जहाजांतून करते. डिसेंबर १९७१ च्या मध्यास, पूर्व पाकिस्तानातील फौजेची ब्रह्मदेशाकडे पळण्याची वाट अडवावी म्हणून कॉक्स बझारजवळ अशी तुकडी उतरवण्याचे ठरले. तिच्यात मुख्यतः गुरखा रायफल्सचे जवान होते. ते कोलकात्याहून एका व्यापारी जहाजाने निघाले आणि भर समुद्रात त्यांना ‘घडियाल’ व ‘गुलदार’ या लँडिंग शिपांवर चढवण्यात आले. डोंगरात त्यांच्या तोडीचे पायदळ शोधून सापडणार नाही, पण या कामाचा सराव त्यांना नव्हता.

लँडिंग शिप ठरवूनच किनाऱ्याच्या वाळूत रुतवायचे असते. मागचा नांगर आधीच खोल पाण्यात टाकून ठेवतात, म्हणजे परतताना त्याच्या साखळीवर जहाज मागे ओढून घेता येते; मग तोंडाकडचा भाग वाळूवर टेकला की दरवाजा उघडतो आणि माणसे उतरतात. हे सारे किनाऱ्याच्या उतारावर अवलंबून असते. कॉक्स बझारला जहाज टेकले ते किनाऱ्यावर नव्हे, तर त्याच्या अलीकडे पाण्याखाली दडलेल्या वाळूच्या पट्टीवर. गिरणेच्या किंवा तापीच्या पात्रात जो उतरला आहे त्याला हा धोका समजावून सांगावा लागणार नाही. वाळूच्या उंचवट्यावर पाणी गुडघाभर असते, आणि पलीकडे एक पाऊल टाकले की डोह. पाठीवर दारूगोळ्याचे ओझे घेऊन जवान उतरले, काही जण बुडाले आणि ते उतरणे तिथेच थांबवावे लागले. शत्रूने त्या किनाऱ्यावर प्रतिकार केलेला नव्हता, ही त्यातली अधिक बोचणारी बाब.

मरीन दलाचे वेगळेपण नेमके येथे आहे. पाण्याखालची जमीन आधी रात्री जाऊन मोजणे, भरतीची वेळ साधणे, ओझ्यासह पाण्यात पडल्यास ते झटकन सोडता येईल असे बांधणे, हे त्याच्या रोजच्या धंद्याचे भाग असतात. जहाजात सामान भरण्याचीही त्याची रीत निराळी असते. एरवी जागा वाया जाऊ नये म्हणून सामान ठासून भरतात. मरीन मात्र किनाऱ्यावर जे सर्वांत आधी लागेल ते सर्वांत शेवटी भरतो, मग थोडी जागा रिकामी राहिली तरी चालेल. गोळे वर आणि तोफ तळाशी अशी भरणी झाली, तर किनाऱ्यावर उतरलेली माणसे तोफेविना उभी राहतात.

अर्थात सराव असला म्हणजे समुद्र सवलत देतो असे नाही. नोव्हेंबर १९४३ मध्ये पॅसिफिकमधील तारावा बेटांवर अमेरिकी मरीन उतरले तेव्हा भांगाची भरती होती. (कोकणातला हा शब्द आपल्याकडे कमी ऐकू येतो, उधाणाच्या उलट, अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते त्याला भांग म्हणतात.) सुमारे ४ फूट पाणी लागणाऱ्या नावा प्रवाळाच्या खडकावर अडकल्या आणि मरीनांना गोळीबारात शेकडो मीटर पाण्यातून चालत जावे लागले. खडकावरून सरपटत जाऊ शकतील अशी पट्ट्यांची वाहने तेवढी पार झाली, पण ती पुरेशी नव्हती. तीन-चार दिवसांत सुमारे हजार अमेरिकी मेले.

नौदलाशी नाते कसे असते, याचे उत्तर देशागणिक बदलते. ब्रिटनचे रॉयल मरीन्स हे तेथील नौसेवेचाच एक घटक आहेत. अमेरिकेत मरीन कोअर हे स्वतंत्र दल असून त्याचा प्रमुख नौदलप्रमुखाच्या बरोबरीचा असतो. मात्र दोन्ही दले एकाच नौदल खात्याखाली येतात. याची सर्वांत बोलकी खूण म्हणजे अमेरिकी मरीन तुकडीतला वैद्यकीय मदतनीस: तो मरीनांबरोबर खंदकात असतो, पण मरीन नसतो, नौदलाचा असतो, कारण मरीन कोअरला स्वतःचे वैद्यकीय दलच नाही. उलट त्यांची लढाऊ विमाने व हेलिकॉप्टरे स्वतःची असतात. त्यांची समुद्रावर फिरती ठेवलेली एक तुकडी साधारण २२०० माणसांची असते आणि सुमारे १५ दिवस पुरेल इतकी शिदोरी बाळगून बहुधा तीन जहाजांवर राहते. पायदळाची बटालियन तोफखाना, रसद आणि विमाने इतरांकडून मागून घेते; या तुकडीजवळ ते सारे थोड्या प्रमाणात का होईना, असते. तिची मर्यादाही त्याच ‘थोड्या’त आहे. जहाजात मावेल तेवढेच बरोबर येते.

प्रशिक्षणाच्या आठवड्यांची तुलना लोक आवडीने करतात. अमेरिकेत मरीनांचे प्राथमिक प्रशिक्षण १३ आठवड्यांचे आणि भूदलाचे १० आठवड्यांचे असते. माझ्या मते या आकड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट ही, की मरीनांमधला आचारी किंवा कारकूनही आधी रायफलधारी म्हणून घडवला जातो, आणि पोहण्याची परीक्षा सर्वांनाच द्यावी लागते.

आता शब्दाकडे येऊ. ‘सागरी सैनिक’ हा पर्याय सुचवला जातो, पण तो ऐकून समुद्रावर लढणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हेच मरीन अफगाणिस्तानातील हेलमंदमध्ये, म्हणजे समुद्रच नसलेल्या देशात, वर्षानुवर्षे लढले आहेत. ‘मरीन कमांडो’वरूनही फसू नये. १९८७ साली उभारलेले आपले मार्कोस हे नौदलातून निवडलेले विशेष कमांडो आहेत, त्यांना नौसैनिक म्हटले तर चूक होत नाही. मी स्वतः ‘मरीन’ हा शब्द तसाच ठेवतो आणि पहिल्या उल्लेखात ‘नौदलाशी जोडलेले पायदळ’ एवढा खुलासा करतो. दलाला एकच शब्द हवा असेल तर ‘नौपायदळ’ मला चालेल. जिभेला तो थोडा अडखळतो, पण नौ आणि पाय दोन्ही त्यात आहेत. तुम्ही वाचलेली बातमी मी ‘अमेरिकी मरीन किनाऱ्यावर उतरले’ अशी लिहिली असती. ज्यांनी त्यांना तिथवर आणले, ते नौसैनिक बहुधा जहाजावरच राहिले असतील.