कॉमिकच्या फुग्यांतले शब्दांचे खेळ मराठीत कसे आणावेत?

प्रश्न: इंग्रजी कॉमिकचं मराठी करतोय. साधे संवाद जमतात, पण शब्दावर कोटी आली की विनोद मरतो. तळटीप देऊ का? तुम्ही काय करता?

उत्तर:

तळटीप नको. वाचणारा चित्रावरून खाली जाऊन परत वर येईपर्यंत हसायची वेळ टळलेली असते.

कॉमिकमधली कोटी ही कादंबरीतल्या कोटीपेक्षा वेगळी अडचण आहे, कारण तिचा एक अर्थ चित्रात काढलेला असतो आणि चित्र तुम्हाला बदलता येत नाही. म्हणून मी मूळ शब्दाचा पिच्छा सोडतो. चित्रात काय दिसतंय ते बघतो आणि त्या वस्तूच्या आसपासचे, दोन अर्थ असलेले मराठी शब्द शोधतो.

मी केलेलं एक पान सांगतो. तीन चौकटी. पहिलीत घाबरलेला अशील विचारतो, आपली केस भक्कम आहे ना? दुसरीत वकील हातातली पेटी ठोकून म्हणतो, अस्सल पोलाद! तिसरीत भर कोर्टात पेटीचा एक पत्रा निखळतो, कागद उडतात आणि न्यायाधीश म्हणतात, तुमची केस ढासळलेली दिसते. इंग्रजीत 'केस' म्हणजे खटलाही आणि पेटीही.

मराठीत 'केस' तसंच ठेवायचा मोह होतो, पण आपण नुसत्या 'केस'ला पेटी म्हणत नाही. मग वाटलं, आपल्याकडे केस म्हणजे डोक्यावरचे केसही, तिथून काही निघतंय का? नाही निघालं. एक तर चित्रात वकिलाचे केस चांगले दाट होते. दुसरं म्हणजे खटला 'ती केस' आणि डोक्यावरचे 'ते केस'. 'केस भक्कम आहे' म्हटलं की क्रियापदच सांगून टाकतं की बोलणं खटल्याचं आहे. मराठीत कोटी अशी लिंगावर आणि वचनावर फार वेळा फुटते. आधी ते तपासा. दोन्ही अर्थांना एकच क्रियापद चाललं पाहिजे.

मग मी पेटीचेच भाग लिहून काढले: कडी, कुलूप, झाकण, तळ, कोपरा, बाजू. 'बाजू'पाशी थांबलो. वकील बाजू मांडतो आणि पेटीलाही बाजू असतात, दोन्ही स्त्रीलिंगी. फुगे असे झाले:

अशील: "साहेब, आपली बाजू भक्कम आहे ना?"
वकील: "एकच काय, सहाच्या सहा बाजू पोलादी!"
न्यायाधीश: "वकीलसाहेब, तुमची तर पडती बाजू!"

'पडती बाजू' मूळात नव्हतं, मराठीनेच ते फुकट दिलं. पण असं लागोपाठ जमायला हवं असेल तर पहिल्या चौकटीत शब्द ठरवण्याआधी शेवटची चौकट वाचायला हवी. मी सुरुवातीला हे न केल्यामुळे एकदा पहिल्या पानावरची सुंदर कोटी पाचव्या पानावर मोडून टाकावी लागली होती, कारण तीच वस्तू तिथे परत आली होती.

वकिलाच्या फुग्यात 'आहेत' नाही, हे बघा. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे हशाचा शब्द शेवटून दुसरा पडतो आणि 'आहेत' त्यावर पाणी ओततं. बोलताना आपण ते गाळतोच, फुग्यातही गाळा. जागाही वाचते. इंग्रजी फुगे बहुधा सगळे मोठ्या अक्षरांत असतात, ओळी एकमेकींना चिकटून बसतात. आपल्याला वर वेलांटी, खाली उकार, म्हणून ओळींत अंतर लागतं. चार इंग्रजी ओळींच्या फुग्यात मी तीनच मराठी ओळी धरून चालतो, वरची आणि खालची आखूड, मधली लांब.

नावांमधल्या कोट्यांनाही हेच लागू. ॲस्टेरिक्समधल्या कुत्र्याचं फ्रेंच नाव इदेफिक्स, म्हणजे डोक्यात घट्ट बसलेली कल्पना. अँथिया बेल आणि डेरेक हॉकरिज यांनी इंग्रजीत त्याचं डॉगमॅटिक्स केलं. हट्टीपणा राहिला आणि वर नावात चक्क 'डॉग' आला.

काही कोट्या मात्र नाहीच येत. तिथे मी साधा, चटपटीत संवाद लिहितो आणि त्याच पानावर, त्याच पात्राच्या तोंडी, मूळात नसलेला एखादा विनोद घालतो. फक्त त्या चौकटीत त्याचा चेहरा विनोद करण्यासारखा हवा. रडक्या तोंडाच्या माणसाला कोटी दिली की चित्र आणि शब्द भांडायला लागतात.

झाल्यावर ते पान मूळ न वाचलेल्या कुणाला तरी द्या आणि गप्प बसा. त्याने "म्हणजे?" विचारलं तर समजवायला जाऊ नका, तो फुगा पुन्हा लिहायला घ्या.