जाहिरातीतलं जावा ८

"सर, अडीच वर्षं जावावर काम करतोय. दोन ठिकाणांहून मुलाखतीला बोलावलंय. एकीकडे पगार जास्त आहे, पण जाहिरातीतलं तंत्रज्ञान जुनाट वाटतं. दुसरीकडे सगळं नवं, नावं वाचूनच धडकी भरते. तीन वर्षांनी बाजारात माझी किंमत राहील का, हे जाहिरातीवरून कळतं का?"

तो दोन्ही जाहिराती छापूनच घेऊन आला होता. पहिलीत जावा ८, स्ट्रट्स, जेएसपी, अँग्युलरजेएस, ओरॅकल आणि तळाला 'प्रॉडक्शन सपोर्ट, रोटेशनल शिफ्ट'. यातल्या 'जावा ८'भोवती त्याने लाल गोल केला होता. मी म्हटलं, गोल चुकीच्या जागी पडलाय.

जावा ८ आलं मार्च २०१४ मध्ये. जुनं आहे, पण त्यावर हात बसलेला माणूस जावा १७ वर काही आठवड्यांत रुळतो, कारण भाषा तीच आहे. खरा खड्डा अँग्युलरजेएस. गूगलने त्याचा आधार २०२१ च्या अखेरीस काढून घेतला. २०१६ पासून जे 'अँग्युलर' म्हणून चालतं, ते मुळापासून नव्याने लिहिलेलं; नाव सारखं, आतलं घर वेगळं. अँग्युलरजेएसमध्ये रोज जे `$scope` लिहायचं, ते तिथे नाहीच. स्ट्रट्सची आवृत्ती दिलेली नव्हती. पहिली आवृत्ती २०१३ मध्येच बंद झाली, त्यामुळे कोणती ते विचारणं भाग होतं. उलट ओरॅकलवर क्वेरी का रेंगाळते हे शोधायला जो शिकला, तो दुसऱ्या कुठल्याही डेटाबेसवर उपाशी राहत नाही.

म्हणून त्याला प्रत्येक शब्दापुढे एकच गोष्ट लिहायला सांगितली: ही नोकरी सोडली तर यातलं काय सोबत येईल? आवृत्तीचं वय पाहण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

दुसरी जाहिरात: जावा १७, स्प्रिंग बूट ३, काफ्का, डॉकर, 'रिअ‍ॅक्ट / अँग्युलर / व्ह्यू', 'एडब्ल्यूएस / अझूर / जीसीपी'. त्याला यातलं सगळं यायलाच हवं असं वाटत होतं. पण एक टीम तीन फ्रंटएंड आणि तीन क्लाउड एकदम वापरत नाही. अशी तिरक्या रेघांची यादी बहुधा भरतीवाल्यांनी जुन्या जाहिरातींतून उचललेली असते. मला विश्वास वाटला तो पहिल्या दोन नावांमुळे. स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागतं. ही जोडी जुळली होती, म्हणजे निदान ती ओळ काम करणाऱ्या माणसाने लिहिली होती. 'स्प्रिंग बूट ३, जावा ८' असं दिसलं असतं तर मी ती जाहिरात बाजूला ठेवली असती.

आता पहिलीकडे परत, कारण तिच्यात एक ओळ त्याने वाचलीच नव्हती: 'मायग्रेशनचा अनुभव असल्यास प्राधान्य'. जुनी प्रणाली नव्या स्प्रिंगवर नेताना `javax.servlet` ची जागा `jakarta.servlet` घेतं. नुसतं नाव बदलणं सोपं. पण जुन्या नावावर विसंबलेल्या लायब्रऱ्या एकेक करून बंद पडतात, आणि त्या सोडवता सोडवता माणूस जे शिकतो ते कोऱ्या प्रोजेक्टवर शिकता येत नाही. ते काम त्याच्या वाट्याला येणार असेल, तर जुन्या यादीची हीच नोकरी घे, असं मी सांगणार होतो. पगारही जास्त होता.

पण 'प्राधान्य' या शब्दावरून काम कुणाकडे हे कळत नाही. त्याला मुलाखतीत विचारायला दोन प्रश्न दिले: मायग्रेशन कोणती टीम करतेय, आणि पहिले सहा महिने मी कशावर असेन? दुसऱ्या कंपनीसाठी एकच: गेल्या तीन महिन्यांत या टीमने काय लाइव्ह केलं?

पहिलीकडे उत्तर मिळालं की मायग्रेशन बाहेरची कंपनी करतेय. त्याच्या टीमने नवं चालू होईपर्यंत जुन्याची तिकिटं सांभाळायची. म्हणजे जी प्रणाली बंद होणार, तिचाच तो जाणकार झाला असता. दुसरीकडे टीमलीडने सरळ सांगितलं: स्प्रिंग बूटवरच्या दोन सर्व्हिसेस, डेटाबेस पोस्टग्रेस, क्लाउड एकच, फ्रंटएंड वेगळ्या टीमकडे. काफ्का एका कोपऱ्यात आहे, पण पहिलं वर्ष तरी तुझ्याकडे येणार नाही. मोठ्या यादीतून खरं काम उरलं ते तीन-चार गोष्टींचं, आणि त्या त्याला पेलणाऱ्या होत्या.

घरचा हप्ता नव्हता, म्हणून कमी पगार परवडला. हप्ता असता तर मी पहिलीला लगेच नाही म्हणायला लावलं नसतं. वर्षभर तिकिटं सांभाळत ओरॅकल पक्कं कर आणि मग निघ, असं सांगितलं असतं. त्याने दुसरी नोकरी घेतली. परवा फोन आला होता, आठ महिने झालेत. काफ्काला अजून हात लागलेला नाही.